प, फ, ब, भ आणि माईक

तोंडासमोर चार बोटांवर तळहात धरा आणि म्हणा, ‘भर पावसात फाटक पडलं.’ भ, प, फ या प्रत्येक अक्षराला तळहातावर हवेचा फटका बसतो. ओठ मिटून अडवलेली हवा एकदम सुटते. तोच झोत माईकच्या पातळ पडद्यावर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्प’ असा आवाज उमटतो. ऑडिओबुक वाचणाऱ्यांना आणि पॉडकास्ट करणाऱ्यांना हा त्रास रोजचाच.

पॉप फिल्टर म्हणजे कडीवर ताणलेली नायलॉनची किंवा धातूची जाळी. झोत तिच्यातून जाताना विस्कटतो, आवाज मात्र पार होतो. पण बरेच जण ती माईकला चिकटवून लावतात आणि तिथेच फसतं. विस्कटलेल्या हवेला विरायला जागा हवी. म्हणून जाळी माईकपासून चार बोटांवर ठेवावी आणि तोंड जाळीच्या मागे तेवढ्याच अंतरावर. माझ्या मते याहून मोठा फरक माईक किंचित बाजूला सरकवल्याने पडतो. तो ओठांच्या रेषेत समोर न ठेवता तीस-चाळीस अंश बाजूला ठेवून तोंडाकडे वळवावा. झोत सरळ पुढे निघून जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरत असल्याने माईकला नीट मिळतो.

एवढं करूनही एखादा ‘प’ निसटतोच. तो हेडफोनवर शोधावा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर इतका खालचा आवाज उमटत नाही, पण गाडीत तोच दणका देतो. Audacity मध्ये लहर मोठी करून पाहिली, तर शब्दाच्या सुरुवातीला एक-दोन रुंद, संथ हेलकावे दिसतात. त्यांच्यापुढे स्वराची दाट, नेमाने येणारी लहर सुरू होते.

समजा, वाक्य ‘पाणी आलं’ आहे. फक्त ते हेलकावे निवडा आणि Z दाबा, म्हणजे निवडीची टोकं शून्य रेषेवर बसतात आणि जोडावर टिचकी ऐकू येत नाही. मग High-Pass Filter उघडून Frequency 120 Hz आणि Roll-off 24 dB ठेवा. धक्का उरलाच, तर 150 पर्यंत चढा. तेवढा तुकडाच कापून टाकण्याचा मोह टाळा, कारण ‘प’ची ओळख त्याच स्फोटात असते, तो गेला की ‘पाणी’चं ‘आणी’ होतं. हाच फिल्टर सगळ्या रेकॉर्डिंगवर लावणंही चुकीचं. पुरुषांच्या आवाजाचा मूळ सूर साधारण 85 ते 155 हर्ट्झच्या दरम्यान असतो, त्यामुळे पूर्ण निवेदन पोकळ वाटू लागतं.

झोताने लहरीचा माथा सपाट कापला गेला असेल, तर फिल्टर गडगडाट कमी करेल, पण आवाजाचा फाटलेपणा जाणार नाही. अशा वेळी माईक बाजूला सरकवून ते वाक्य पुन्हा वाचा.