फट आधीचीच होती

दंतवैद्याने आपल्या दवाखान्यातील चित्रांखाली चार ओळींचा मजकूर लिहावयास घेतला, म्हणजे त्याची पहिली गाठ पडते ती ‘यंत्राने दात साफ केले की ते हलू लागतात’ या समजाशी. आणि सोलापुरात तर तो समज इतका रुजलेला आहे की, सफाईची शिफारस होताच पुष्कळ रुग्ण उठून जाण्याच्या तयारीस लागतात. या समजाला अज्ञान म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच्या मुळाशी प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आहे. सफाईनंतर फटी दिसतात, थंड पाण्याने दात शिवशिवतात, एखादा दात हलल्यासारखा वाटतो, हे सारे खरे आहे. चुकते ते केवळ कारण.

ते कारण नीट उलगडून पाहिले पाहिजे. दातांवर साठणारा जंतूंचा मऊ थर वेळीच निघाला नाही तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात उतरू लागतात आणि काही दिवसांतच तो कडक होऊ लागतो. यालाच आपण कीटण म्हणतो. बोअरच्या जड पाण्याने बंबात आतून क्षार बसतो, तशीच ही क्रिया दिसत असली तरी येथील क्षार पिण्याच्या पाण्यातले नसून लाळेतले असतात. म्हणूनच खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेखालच्या लालाग्रंथींच्या नलिका जेथे उघडतात त्या जागी, कीटण सर्वाधिक साचते. कीटणाच्या खडबडीत पृष्ठावर जंतूंचा नवा थर सहज टिकतो, हिरडी सुजते, आणि काही जणांत ही सूज खोल जाऊन दाताला धरून ठेवणारे हाड वर्षानुवर्षे हळूहळू झिजते. दात त्यामुळे सैल होतो. परंतु दोन दातांमधली जागा कीटणाने बुजलेली आणि दात एकमेकांस जखडलेले असल्याने ते सैलपण रुग्णाच्या ध्यानात येत नाही. सफाईच्या यंत्राचे टोक सेकंदास पंचवीस हजारांच्या आसपास सूक्ष्म कंपने घेत, पाण्याच्या फवाऱ्याखाली तो थर फोडून काढते, सूज ओसरल्यावर हिरडी आक्रसते, मुळाचा झाकलेला भाग उघडा पडतो, आणि आधीपासून असलेली फट तेव्हा प्रथम दिसते.

आता याचा मजकूर कसा करावा? ‘सफाई करा, नाहीतर सारे दात गमवाल’ असे लिहून सोबत रक्ताळलेल्या हिरड्यांचे चित्र लावण्याचा मोह होतो; पण या वाटेची परीक्षा दातांच्याच विषयावर होऊन गेलेली आहे. अमेरिकेत १९५३ साली जॅनिस व फेशबॅक या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांच्या गटांना दंतस्वच्छतेवर कमीअधिक भीतीची व्याख्याने दिली गेली, आणि आठवड्यानंतर पाहता सर्वांत भयंकर व्याख्यानाने आचरणात केवळ आठ टक्के निव्वळ सुधारणा दिसली, तर सर्वांत सौम्य व्याख्यानाने छत्तीस टक्के. पुढील संशोधनाने या निष्कर्षास मर्यादा घातल्या, सोपा व हाती असलेला उपाय सोबत सांगितला तर भीतीही काही प्रसंगी उपयोगी पडते असे आढळले, हे नमूद केले पाहिजे. तरीही दंतवैद्याच्या खुर्चीचीच धास्ती असलेल्या माणसाला आणखी भिवविण्याची तजवीज मला मान्य नाही. ‘एका सफाईत हिरड्या कायमच्या निरोगी’ हे आश्वासनही तितकेच टाकाऊ, कारण कीटण पुन्हा साचते आणि गेलेले हाड सफाईने परत येत नाही.

म्हणून मजकूर असा असावा: ‘सफाईनंतर फट दिसली, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ती फट आधीचीच होती, कीटणाने बुजली होती. दात काही दिवस शिवशिवू शकतात. सफाईने हिरडीची सूज कमी होण्यास मदत होते. झिजलेले हाड भरून येत नाही. दात आधीच हलत असेल तर सफाईपूर्वी तसे सांगा.’ हाच मजकूर शहराच्या पूर्वभागासाठी तेलुगूत आणि कन्नडमध्येही, त्या भाषा घरी बोलणाऱ्याकडून लिहून घ्यावा, व एखाद्या विडी कामगार बाईंना वाचावयास देऊन ‘यातून काय समजले?’ असे विचारावे.

त्या बाई बहुधा मिश्रीविषयीच विचारतील. मिश्रीने दुखणे थांबते, हिरडी घट्ट होते, असा अनुभव त्या सांगतील, आणि त्या अनुभवाचाही खुलासा आहे: निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धूम्रपान करणाऱ्यांत तर हिरडीतून येणारे रक्त, म्हणजे रोगाची पहिली खूणच, दबलेली राहते हे चांगले ठाऊक आहे. तेव्हा मिश्रीच्या चित्राखाली लिहावे: ‘मिश्रीने कळ कमी वाटली तरी तिचे कारण जात नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच; तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवून घ्या. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो, पण तो कशाचा हे तपासल्यावाचून ठरत नाही. मिश्री सोडावयाची असेल तर येथे विचारा.’