नवी एसएसडी, पण सीमा जुन्याच

व्हॉल्व्ह कंपनीचा ‘स्टीम डेक’ २०२२च्या फेब्रुवारीत आला. त्याच्या २५६ जीबीच्या मॉडेलवर एकटा ‘बाल्डर्स गेट ३’ दीडशे जीबी अडवून बसतो. म्हणून अनेक जण आतली एसएसडी बदलून १ टीबीची बसवतात. ती ‘२२३०’ मापाचीच लागते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. लॅपटॉपमधली नेहमीची ८० मिलिमीटरची पट्टी आत मावत नाही.

डेक उघडण्याआधीच नवी एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून तिच्यावर जुनीची हुबेहूब नक्कल करून घ्यावी. चालू सिस्टीमची नक्कल घेतली, तर मधेच बदललेल्या फायली अर्धवट उतरू शकतात. त्यामुळे पेन ड्राइव्हवरच्या स्टीमओएस रिकव्हरीतून डेक सुरू करणे चांगले. यूएसबी-सी पोर्ट एकच असल्याने त्यासाठी हब लागतो. मग `lsblk` ही कमांड देऊन कोणत्या ड्राइव्हचे नाव काय, हे आकारावरून ओळखायचे. जुनी `nvme0n1` आणि नवी `sdb` असेल, तर:

```
sudo dd if=/dev/nvme0n1 of=/dev/sdb bs=16M status=progress conv=fsync
```

`if` म्हणजे जिथून वाचायचे ते, `of` म्हणजे जिथे लिहायचे ते. या दोहोंची अदलाबदल झाली, तर कोरी ड्राइव्ह जुनीवर उतरते आणि सगळा डेटा जातो. एंटर दाबण्याआधी ही ओळ दोनदा वाचावी.

नक्कल झाल्यावर नवी ड्राइव्हही जुनीएवढीच भासते, आणि इथे बरेच जण गोंधळतात. खरे तर `dd`ने फायलींबरोबर पार्टिशनच्या सीमाही जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. एन्क्लोजर काढून पुन्हा जोडले आणि केडीई पार्टिशन मॅनेजर उघडला, की ९३१ जीआयबीच्या पट्टीत शेवटची सुमारे ६९३ मोकळी दिसते. स्टीमओएसने गेम ठेवण्याचे `home` पार्टिशन सर्वांत शेवटी ठेवले आहे, हे मोठे सोयीचे. मोकळी जागा त्याला लागूनच असल्यामुळे मधले काहीही हलवावे लागत नाही. `home` अनमाउंट करायचे, त्याची कड उजवीकडे टोकापर्यंत ओढायची आणि `Apply` दाबायचे.

आता डेक पूर्ण बंद करून स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा. त्याआधी मायक्रोएसडी कार्ड काढलेच पाहिजे, कारण ते आत राहिले तर मागचे झाकण उचलताना मोडते. आठ स्क्रू, मग धातूचे संरक्षक पत्र, मग बॅटरीचे कनेक्टर, या क्रमाने काम करावे. एसएसडी एकाच स्क्रूवर बसलेली असते. तिच्या अंगावरचे धातूचे वेष्टन काढून नवीला घालायला मात्र विसरू नये.

डेक सुरू झाला आणि सेटिंग्जमध्ये वाढीव जागा दिसली, तरी जुनी ड्राइव्ह काही दिवस तशीच जपून ठेवावी. ती एन्क्लोजरमध्ये जोडून डेक सुरू करू नये. दोन्हींवरच्या पार्टिशनचे ओळखक्रमांक एकच असल्याने सिस्टीम चुकीची ड्राइव्ह उचलू शकते.