पत्र्याचे वजन आणि पत्र्याची जाडी

वर्ध्याच्या बाजारात लोखंड किलोवर विकले जाते. आपल्याला मात्र ते मापावर हवे असते. घराच्या फाटकाला इतका लांब, इतका रुंद आणि इतका जाड पत्रा पाहिजे, असे आपण म्हणतो आणि पावती हाती येते ती वजनाची. माप आणि वजन यांचा मेळ कसा घालावयाचा हे ठाऊक नसले म्हणजे पावतीवरील आकडा मुकाट्याने मान्य करावा लागतो. हा मेळ घालण्यास फारसे गणित लागत नाही. शिवाय हेच गणित उलट बाजूने चालविले तर वजनावरून जाडी कळते, आणि आमच्या मते सामान्य माणसाला त्याचा खरा उपयोग तेथेच आहे.

पावसापासून आरंभ करू. अमुक मिलिमीटर पाऊस पडला हे आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीवर पाणी न मुरता, न वाहता राहिले तर साचणारा एक मिलिमीटर जाडीचा थर. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद गच्चीवर असा थर साचला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते, आणि त्याचे वजन एक किलो होते. आता त्या पाण्याच्या जागी तितक्याच जाडीचा पोलादी पत्रा अंथरला आहे अशी कल्पना करा. साधे पोलाद पाण्याच्या ७.८५ पट जड असते, म्हणून त्या पत्र्याचे वजन ७.८५ किलो. यालाच पोलादाची घनता म्हणतात. पोलादी बांधकामाच्या २००७ च्या भारतीय मानकात ती घनमीटरला ७,८५० किलो अशी दिली आहे. आकडा तोच, फक्त मोजण्याचे भांडे मोठे.

तेव्हा नियम एवढाच: चौरस मीटरमधील क्षेत्रफळाला मिलिमीटरमधील जाडीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ७.८५ ने गुणावे. वजन किलोत मिळते. ज्यांना फाटक अजून फुटांतच दिसते (आणि आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच आहे) त्यांनी चौरस फुटाला, दर मिलिमीटर जाडीमागे, ०.७३ किलो धरावे. दशमान पद्धती येण्यापूर्वीचे कारागीर एक इंच जाडीच्या चौरस फूट पोलादाला ४०.८ पौंड धरीत. तो हिशेब करून पाहिला तर तोही याच आकड्याशी येऊन मिळतो.

आता एक फाटक घेऊ. दोन पाखे, प्रत्येक पाखा दीड मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच, वर १.६ मिलिमीटरचा सपाट पत्रा. एका पाख्याचे क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर. २.७ ला १.६ ने आणि मग ७.८५ ने गुणले की ३३.९ किलो येतात. दोन्ही पाख्यांचा पत्रा मिळून सुमारे ६८ किलो झाला. चौकटीचे पाइप, अँगल आणि बिजागऱ्या यांचे वजन यात नाही; ते वेगळे काढावे लागते.

या तीन मापांपैकी लबाडीला किंवा चुकीला वाव कोठे आहे? दीड मीटर लांबी मोजताना एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर वजनात शेकडा एकाहूनही कमी फरक पडतो, आणि तशी चूक टेपने कोणाच्याही ध्यानात येते. जाडीत मात्र दशांश मिलिमीटरचा फरक म्हणजे १.६ मध्ये शेकडा सहा. तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही नीट जाणवत नाही. कडेला कॅलिपर लावून पाहावे तर कापताना वर आलेली धार मध्ये येते आणि पत्रा आहे त्याहून जाड भासतो. रंग चढल्यावर तर प्रश्नच मिटला.

त्यात भर ‘गेज’ची. ‘भाऊ, सोळा गेजचा पत्रा लावतो,’ असे कारागीर सांगतो आणि आपण मान डोलावतो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, एवढे पुष्कळांना माहीत असते. परंतु गेजची कोष्टके एकाहून अधिक आहेत हे फारसे कोणी सांगत नाही. जुन्या इंग्रजी कोष्टकात १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, तर अमेरिकन पोलादी पत्र्याच्या कोष्टकात १६ गेज म्हणजे सुमारे १.५२. दोघेही खरे बोलत असतात आणि तरीही चौरस मीटरमागे जवळजवळ एक किलोचा फरक राहतो. म्हणून कामाच्या चिठ्ठीवर गेज लिहू नये, मिलिमीटर लिहावेत.

आता हिशेब उलटा फिरवू. पत्रा चौकटीला जोडण्यापूर्वी, कापलेला तुकडा तसाच काट्यावर ठेवावा. समजा वरील पाख्याचा पत्रा २९ किलो भरला. क्षेत्रफळ २.७ आणि ७.८५ यांचा गुणाकार २१.२ होतो, २९ ला २१.२ ने भागले की जाडी निघते १.३७ मिलिमीटर. सांगितले होते १.६. कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यात थोडीशी कमीअधिक जाडी मानकांनीच मान्य केलेली असते. पण हा फरक तेवढ्यावर टाकता येणार नाही. हा दुसराच पत्रा आहे. ग्राहकाने वजनावर पैसे दिले असतील तर त्याचे पैसे बुडाले नाहीत, हे खरे. बुडाला आहे तो फाटकाचा ताठपणा. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. त्यामुळे वजन शेकडा साडेचौदाने घटले असता ताठपणा शेकडा सदतीसने घटला. असा पत्रा वाऱ्यात धडधडतो, आणि गाईने अंग घासले की त्याला पोक येतो. काम ठोक रकमेत ठरले असेल तर पैसाही गेला आणि ताठपणाही.

या पडताळणीत काटा कोणता वापरावा यालाही महत्त्व आहे. मालमोटारींच्या वजनकाट्यावर आकडा पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्यांनी पुढे सरकतो. तीस किलोंचा पत्रा तेथे तोलणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. पन्नास-शंभर ग्रॅम दाखविणारा किराणा घाऊक दुकानातील चबुतऱ्याचा काटा या कामी पुरतो. वजनावरून निघते ती सरासरी जाडी, हेही ध्यानात असू द्यावे. जुन्या पत्र्याला गंजाने एका जागी खड्डा पाडला असेल तर तो या रीतीने सापडणार नाही. पन्हाळी पत्रा असेल तर त्याची रुंदी सरळ टेपने न मोजता लाटांवरून दोरा फिरवून मोजावी. सरळ मोजली तर क्षेत्रफळ कमी भरते आणि पत्रा आहे त्याहून जाड असल्याचा भास होतो. फाटक स्टेनलेस पोलादाचे असेल तर ७.८५ चालत नाही. नेहमीच्या ३०४ प्रतीला ७.९३ च्या आसपास धरावे लागते.

खांबाखालच्या बेस प्लेटला नियम हाच, पण तेथे प्रश्न थोडा वेगळा आहे. हिंगणघाटला कापसाच्या गोदामाची एक शेड उभारावयाची आहे असे समजा: वीस खांब, प्रत्येकाखाली ३०० मिलिमीटर चौरस आणि १६ मिलिमीटर जाड प्लेट. क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर, म्हणून एका प्लेटचे वजन ११.३ किलो आणि वीस प्लेटांचे २२६ किलो. प्रत्येक प्लेटला बोल्टसाठी २२ मिलिमीटर व्यासाची चार भोके पाडली जातात. त्या चारांतून निघणारे लोखंड दोनशे ग्रॅमही भरत नाही आणि वीस प्लेटांचे मिळून चार किलोंच्या आत राहते. ही भोके वजा न करण्याचा रिवाज आहे. त्यावरून कंत्राटदाराशी वाद घालण्यात हशील नाही.

हशील आहे ते सुताच्या हिशेबात. आपल्याकडे लोखंड अजून सुतावर मागितले जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. दुकानात मात्र चार सूत म्हणून मिळते ती १२ मिलिमीटरची प्लेट. वजनाचे कोष्टक १२.७ धरून मांडले आणि माल १२ चा आला, तर वरील मापाच्या वीस प्लेटांत दहा किलोंचा फरक पडतो. पाच सूत आणि १६ मिलिमीटर यांत असा फरक जवळजवळ नाही, म्हणून कित्येकांना वाटते की सगळीच सुते मिलिमीटरला जुळतात.

१६ च्या जागी १२ ची प्लेट बसविली तर वजनात पाव हिस्सा वाचतो आणि कागदावर ही बचत बरी दिसते. परंतु खांबाच्या बाहेर निघालेला प्लेटचा काठ खालच्या काँक्रीटच्या दाबाने वर वाकू पाहतो, आणि त्याला तोंड देण्याची प्लेटची शक्ती जाडीच्या वर्गाप्रमाणे असते. बारा भागिले सोळा, म्हणजे पाऊण. पाऊणाचा वर्ग नऊ-षोडशांश. पाव लोखंड वाचविले आणि शक्ती शेकडा चव्वेचाळीस गमावली. ही प्लेट ग्राऊटमध्ये बसून बोल्ट आवळले गेले की तिची जाडी पुन्हा कोणी मोजीत नाही. ती उतरवून घेतानाच काट्यावर घालावी. एक प्लेट ११.३ ऐवजी साडेआठ किलो भरली तर ती बाराची आहे हे उघड आहे.

खांबाला आधार देणाऱ्या त्रिकोणी गसेटचे वजन त्याच मापाच्या आयताच्या निम्मे धरावे. काही बिलांत ते पूर्ण आयताचे लावलेले असते. एका आयताला कर्णावर कापले की दोन गसेट निघतात, तेव्हा पूर्ण आयताचा भाव लावण्याला कारण उरत नाही.

अंगणातील फाटकाकडून आर्वी तालुक्यातील धनोडीला गेलो तर तेथे निम्न वर्धा धरणाचे ३१ दरवाजे आहेत. अशा दरवाजांच्या पाणी अडविणाऱ्या पत्र्यालाही हेच ७.८५ लागू पडते. येथे वजन पावतीसाठी काढले जात नाही. दरवाजा उचलणारे यंत्र किती ताकदीचे हवे ते त्यावर ठरते. शिवाय पाण्यात गंजून जाईल म्हणून ताकदीच्या हिशेबाने निघालेल्या जाडीवर साधारणतः दीड मिलिमीटर आणखी धरण्याची पद्धत आहे. तो दीड मिलिमीटर चौरस मीटरमागे पावणेबारा किलोंहून थोडा अधिकच भरतो. ताकदीच्या हिशेबात तो धरलेला नसतो. उचलण्याच्या हिशेबात मात्र पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.