दोन म्हशी राहू द्या : इंग्रजी परिचय सुधारताना

दिल्ली-मुंबईच्या सरस प्रदर्शनात स्टॉल लावायचा म्हटलं की गटाकडून सामानाबरोबर आणखी एक गोष्ट मागतात. ती म्हणजे बनवणाऱ्या बाईचा इंग्रजीतला पाच-दहा ओळींचा परिचय. आपल्यातली एखादी बारावी झालेली ताई तो धीर करून स्वतः लिहिते. मग तो 'जरा नीट करा' म्हणून कुणाच्या तरी हातात जातो, आणि परत येतो तेव्हा त्यात ती ताईच नसते. म्हणून इंग्रजी सुधारायचं कसं आणि कुठे थांबायचं, ते आज एक खरा परिचय घेऊन पाहू. जवसाची चटणी करणाऱ्या आमच्या गटातल्या एका ताईंनी हा लिहिला होता. नाव सोडून जसाच्या तसा वाचते:

"मायसेल्फ अमुक अमुक. आय अ‍ॅम पास आउट ट्वेल्थ. आय अ‍ॅम हॅविंग टू बफेलोज अँड वन एकर ड्राय लँड. आय अ‍ॅम मेकिंग जवस चटणी सिन्स सेव्हन इयर्स. आय लर्न फ्रॉम माय मदर-इन-लॉ. हर हँड हॅज टेस्ट. माय चटणी इज टू स्पायसी. आय पाउंड जवस इन खलबत्ता ओन्ली, नॉट मिक्सर. बिफोर आय वॉज फिअरिंग टू टॉक इन मीटिंग. नाऊ आय टॉक अँड अदर्स लिसन."

एका शिकलेल्या पाहुण्यांनी तो सुधारून दिला. त्यात ताई 'पॅशनेट वुमन आंत्रप्रेन्युअर' झाल्या, 'हम्बल बॅकग्राउंड'मधून आल्या आणि 'ऑथेंटिक ऑरगॅनिक' चटणी करू लागल्या. म्हशी गेल्या, सासूबाई गेल्या, खलबत्ताही गेला. व्याकरणाची एकही चूक त्यात नव्हती. पण तोच कागद शेजारच्या पापडवाल्या ताईंच्या स्टॉलवर लावला असता तरी चालला असता. शिवाय खाण्याच्या वस्तूवर 'ऑरगॅनिक' म्हणायचं तर त्यामागे सहसा प्रमाणीकरण लागतं, कुणाच्या कौतुकानं ते मिळत नाही.

आम्ही तो बाजूला ठेवला आणि मूळ कागद घेऊन बसलो. ताईंना म्हटलं, हेच आधी मराठीत सांगा. त्या सांगत होत्या तेव्हा, इतर कुणी बोललंच नसतं अशा जागांखाली आम्ही पेन्सिलीनं रेघ ओढली. दोन म्हशी, सासूबाईंच्या हाताची चव, खलबत्ता आणि ते शेवटचं वाक्य. या चार जागांचा अर्थ बदलायचा नाही, असं ठरवूनच पुढे गेलो.

आधी धरायच्या त्या अर्थ बदलणाऱ्या चुका. 'टू स्पायसी' ही त्यातली सगळ्यात महागाची. आपल्याला वाटतं टू म्हणजे खूप. इंग्रजीत टू म्हणजे नको तितकं, सोसवणार नाही इतकं. म्हणजे ताई स्वतःच्याच चटणीची तक्रार करत होत्या! तिथं 'व्हेरी' घातलं. दुसरी चूक 'पास आउट'. आपल्याकडे तो शब्द कॉलेज संपल्यावर सर्रास वापरतात, पण बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणं असा लागू शकतो. 'आय पास्ड द ट्वेल्थ स्टँडर्ड' एवढं पुरे.

मग व्याकरण. यातल्या बऱ्याच चुका आपल्या मराठीतूनच येतात, त्यामुळे एकदा कळल्या की पुन्हा ओळखू येतात. 'मी करते आहे'वरून आपण जिथं तिथं 'आयएनजी' लावतो. पण जवळ असणं, माहीत असणं, आवडणं यांना इंग्रजीत ते लागत नाही. म्हणून 'आय अ‍ॅम हॅविंग टू बफेलोज' नाही, 'आय हॅव टू बफेलोज'. 'सात वर्षांपासून' म्हणताना आपण 'पासून'साठी 'सिन्स' घेतो. सिन्सपुढे सुरुवातीचं साल येतं, किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. आणि काम अजून चालू आहे म्हणून 'हॅव बीन मेकिंग'. सासूबाईंकडून शिकून झालं, तिथं 'लर्न्ड'. भीती आधी होती, आता नाही, त्यासाठी 'यूज्ड टू बी अफ्रेड'. 'मायसेल्फ'नं नाव सांगत नाहीत, 'आय अ‍ॅम' म्हणतात. आणि 'अ', 'द' हे बारके शब्द मराठीत नसल्यामुळे आपल्याकडून गळतात. कुठलाही एक खलबत्ता, तर 'अ खलबत्ता'.

खरी कसोटी लागली ती सासूबाईंच्या वाक्याला. 'हर हँड हॅज टेस्ट' चं 'शी इज अ‍ॅन एक्सलंट कुक' करणं सोपं होतं. पण सुगरण असणं वेगळं आणि हाताला चव असणं वेगळं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. उलट जसंच्या तसं ठेवलं तर अडचण अशी की, एखाद्याला टेस्ट आहे म्हणजे त्याची आवडनिवड चांगली आहे, असा इंग्रजीत अर्थ निघतो. म्हणून शब्द बदलला, कल्पना ठेवली. 'पीपल से देअर इज फ्लेवर इन हर हँड्स.' 'पीपल से' जोडल्यानं ही इथली बोलण्याची रीत आहे हे वाचणाऱ्याला कळतं.

'ओन्ली' म्हणजे आपला 'च'. खलबत्त्यातच. इंग्रजीत तो असा मागे लोंबकळत नाही. कुणीतरी सुचवलं, 'नेव्हर इन अ मिक्सर' लिहा, जोर येतो. ताई म्हणाल्या, "अहो, मिरची तर मी कांडपावरून आणते, फक्त जवस कुटते. कधीच मशीन नाही असं कसं लिहू?" मग 'नेव्हर' कापला आणि जवसापुरतं साधं 'नॉट' ठेवलं. खलबत्ता आणि जवस हे शब्द तसेच ठेवून दोन-दोन शब्दांत अर्थ जोडला.

शेवटच्या वाक्याला हात लावला नाही. ते बरोबरच होतं. पाहुण्यांनी त्याचं 'आय एक्सप्रेस माय ओपिनियन्स कॉन्फिडन्टली' केलं होतं, त्यात ऐकणाऱ्या बायकाच नाहीशा झाल्या होत्या. तशीच वाक्यांची लांबीही सोडली. ताई तुटक बोलतात. 'व्हिच' आणि 'देअरफोर' घालून वाक्यं जोडली की बोलणं दुसऱ्याचं होतं.

झालेला परिचय असा:

"आय अ‍ॅम अमुक अमुक. आय पास्ड द ट्वेल्थ स्टँडर्ड. आय हॅव टू बफेलोज अँड वन एकर ऑफ ड्राय लँड. आय हॅव बीन मेकिंग जवस, ऑर फ्लॅक्ससीड, चटणी फॉर सेव्हन इयर्स. आय लर्न्ड इट फ्रॉम माय मदर-इन-लॉ. पीपल से देअर इज फ्लेवर इन हर हँड्स. माय चटणी इज व्हेरी स्पायसी. आय पाउंड द जवस इन अ खलबत्ता, अ‍ॅन आयर्न मॉर्टर, नॉट इन अ मिक्सर. आय यूज्ड टू बी अफ्रेड टू टॉक इन मीटिंग्ज. नाऊ आय टॉक अँड अदर्स लिसन."

मग हा ताईंकडूनच मोठ्यानं वाचून घेतला. ज्या शब्दावर जीभ अडेल किंवा ज्याचा अर्थ त्यांना सांगता येणार नाही तो काढायचा, कारण स्टॉलवर गिऱ्हाईक नेमकं त्याच शब्दाबद्दल विचारतं. 'मॉर्टर'वर त्या अडल्या. तो ठेवायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ताई म्हणाल्या, राहू द्या, मी छोटा खलबत्ताच टेबलावर ठेवते.

एवढं मात्र ध्यानात ठेवा. बँकेच्या किंवा सरकारी अर्जात असा परिचय चालत नाही. तिथं नाव, शिक्षण, जमीन, किती वर्षांचा अनुभव, इतकंच कोरडं लिहायचं. आणि आयोजकांनी 'शी' लावून मागितला तर क्रियापदं तपासून घ्या : 'आय हॅव' चं 'शी हॅज', 'आय पाउंड' चं 'शी पाउंड्स', 'आय टॉक' चं 'शी टॉक्स'. 'माय'च्या जागी 'हर' घालायला विसरू नका, नाहीतर सासूबाई लिहिणाऱ्याच्या होतात.