एक रेघ की दोन?

मुलांच्या घसादुखीमागे बहुतेकदा विषाणू असतो. काहींत मात्र 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस' हा जीवाणू. तो ओळखायला पाच-दहा मिनिटांची पट्टी-चाचणी आहे.

टॉन्सिल आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून बोळा फिरवतात. मग तो सोडियम नायट्राइट आणि आम्लाच्या द्रावणात बुडवला की जीवाणूच्या कवचातली विशिष्ट शर्करा, म्हणजे अँटिजेन, सुटी होते. ती पट्टीवरून सरकताना सोन्याचे सूक्ष्म कण लावलेली प्रतिपिंडे तिला चिकटतात. पुढे रेघेवर बसवलेली प्रतिपिंडे ही जोडी अडवतात आणि रेघ रंगते. दुसरी, नियंत्रण रेघ उमटलीच नाही, तर चाचणी बाद. एलायझातही हीच पकड असते. फक्त ती प्लास्टिकच्या खळग्यात होते, रंग विकरामुळे येतो आणि यंत्र तो मोजतं. त्याला वेळ अधिक लागतो.

समजा, घसा दुखणाऱ्या शंभर मुलांपैकी तीस जणांना खरोखर स्ट्रेप आहे. संवेदनशीलता साधारण ८५ टक्के धरली, तर चार-पाच जण निसटतात. बोळा नुसता जिभेला लागला, तर आणखी. उरलेल्या सत्तरांत तीन-चार जणांना खोटी रेघ येऊ शकते.

एक गुंता वेगळाच. काही मुलांच्या घशात हा जीवाणू निवांत राहतो. त्यांचा आजार विषाणूचा असला तरी रेघ उमटते, आणि प्रतिजैविक विनाकारण पोटात जातं. म्हणून सर्दी-खोकला असेल तर चाचणी सहसा करूच नये. उलट लक्षणं दाट असून पट्टी कोरी आली, तर मुलांमध्ये घशाचं कल्चर करून घ्या. उपचाराविना राहिलेल्या स्ट्रेपमधून संधिवाताचा ताप आणि हृदयाच्या झडपांचा विकार होऊ शकतो.