अपडेट आला, पण सांगायचं काय? दहा नव्या गोष्टींपेक्षा कामाच्या दोनच सांगा

चंद्रपूर-गडचिरोलीत एप्रिल-मे महिन्यात माणसं घरात कमी आणि रानात जास्त असतात. मोहफुलं वेचणं सरत आलेलं असतं, तेंदूपानांचा हंगाम लागलेला असतो, आणि दुपारनंतर कधी आभाळ भरून येईल याचा नेम नसतो. वीज पडून माणसं आणि गुरं दगावल्याच्या बातम्या याच दिवसांत सुरू होतात आणि धानाच्या रोवणीपर्यंत येत राहतात. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलं आहे. आपण असतो त्या ठिकाणापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील तर ते सांगतं. अनेकांच्या फोनमध्ये ते आधीपासून आहे.

आता असं धरून चालू की अशाच धर्तीचं एखादं ॲप जिल्ह्यातल्या तरुणांनी बनवलं, चार-पाच हजार लोकांनी ते घेतलं, आणि आता त्याचा नवा अपडेट आला आहे. ही बातमी मोहल्ल्याच्या, गावाच्या, बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आहे. बनवणाऱ्याने दोन महिने राबून दहा गोष्टी केलेल्या असतात, त्यामुळे त्याचा हात दहाही लिहायला जातो. नवी रंगसंगती, जलद लॉगिन, शेअर बटण, प्रोफाइल फोटो, सुधारित नकाशा, तीन भाषा, योजनांची माहिती, 'किरकोळ दुरुस्त्या', आणि या गर्दीत कुठेतरी सातव्या-आठव्या क्रमांकावर 'फोन सायलेंट असला तरी इशारा वाजेल'. जीव वाचवणारी ओळ नेमकी तीच आहे, आणि ती कुणी वाचत नाही.

न वाचण्याचं कारण लोकांचा आळस नाही, पडद्याची जागा आहे. व्हॉट्सॲपवर मजकूर लांबला की तो अर्ध्यात तुटतो आणि खाली 'अधिक वाचा' येतं. इन्स्टाग्रामवर तर दोन-तीन ओळींतच मजकूर दुमडला जातो. प्ले स्टोअरवर 'नवीन काय आहे' या रकान्यात एका भाषेसाठी 500 अक्षरांची मर्यादा असते, आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलंत हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'मोठ्या' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो सहाचा भरतो. म्हणजे इंग्रजी मजकूर जसाच्या तसा मराठीत आणायला गेलो तर शेवटचं वाक्य बाहेर राहण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट, हा मजकूर जुन्या वापरकर्त्यांसाठी आहे. नव्या माणसाला ॲप घ्यायला लावायचं असेल तर ते काय काय करतं हे थोडं पसरून सांगावं लागतं. ज्याच्याकडे ते आहेच, त्याला ॲप चांगलं आहे हे पटवण्यात अर्थ नाही. त्याला एवढंच हवं असतं की कालपर्यंत जे होत नव्हतं ते आज होतंय का, आणि त्यासाठी मला काय करावं लागेल. दहा गोष्टी चाळण्याची कसोटी इथेच मिळते. प्रत्येक गोष्टीला विचारायचं, हे कळल्यावर माणूस उद्या काही वेगळं करेल का? नवा रंग तो न सांगताही बघेल. लॉगिन जलद झालं तर त्याला आपोआप कळेल. पण इशारा आता सायलेंटवरही वाजतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, तर तो मागच्या वर्षीसारखाच फोन पिशवीत टाकून विसरून जाईल. आणि दुसरं गाव जोडण्याची सोय आली आहे हे कळलं नाही तर ते बटण तो कधीच दाबणार नाही. आपल्या उदाहरणात या दोनच गोष्टी चाळणीत उरतात. बाकीच्या आठ ॲपच्या आत 'माहिती' या पानावर ठेवाव्यात, ज्याला बघायचं तो तिथे बघेल.

मग मजकूर साधारण असा होतो:

विजेचा इशारा ॲप वापरणाऱ्यांसाठी: नवा अपडेट आला आहे.
१) फोन सायलेंट असला तरी वीज जवळ आली की इशारा मोठ्या आवाजात वाजेल. त्यासाठी अपडेटनंतर ॲप एकदा उघडा आणि विचारलेल्या परवानगीला 'होय' म्हणा.
२) आता दुसरं गाव जोडता येतं. तुम्ही चंद्रपुरात असाल आणि घर सिरोंच्याला, तर दोन्हीकडचा इशारा तुम्हाला येईल. 'माझी गावं' मध्ये नाव टाका.
नेटवर्क नसेल तिथे इशारा पोचत नाही. गडगडाट ऐकू आला की इशाऱ्याची वाट न बघता पक्क्या घरात जा.
अपडेट १२ एमबीचा आहे. फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. ग्रुपवर आलेली फाइल टाकू नका.

हा मजकूर 500 अक्षरांत जेमतेम बसतो. प्ले स्टोअरवर टाकताना शेवटची ओळ काढून टाकावी, कारण तिथे वाचणारा स्टोअरमध्येच असतो. प्रत्येक गोष्टीत आधी प्रसंग, मग फायदा, मग करायची एकच कृती, असा क्रम ठेवला आहे. 'सुधारित सूचना प्रणाली' असं लिहिलं असतं तर ते कागदोपत्री बरोबर ठरलं असतं, पण रोवणीला बांधीत उतरलेल्या बाईला त्यातून काहीच कळलं नसतं.

'ॲप एकदा उघडा' ही ओळ सहज टाकलेली नाही, मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची कदाचित तीच असेल. अँड्रॉइड 11 पासून एखादं ॲप काही महिने उघडलंच नाही तर फोन त्याच्या परवानग्या स्वतःहून काढून घेतो, लोकेशनचीही. अँड्रॉइड 12 पासून तर असं ॲप झोपवलं जातं आणि त्याला सूचनाही येत नाहीत. विजेचं ॲप हे हंगामी आहे. परतीच्या पावसानंतर ते कोण उघडतो? ऑक्टोबर ते मार्च ते पडून राहतं, आणि एप्रिलच्या पहिल्या वादळात ज्याला वाटतं आपल्याकडे ॲप आहे, त्याच्या फोनमधलं ॲप प्रत्यक्षात झोपलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर जाऊन परवानग्या बघायच्या. लोकेशनपुढे 'परवानगी नाही' दिसलं की समजायचं. ॲप उघडलं की ते जागं होतं, काढलेली परवानगी मात्र पुन्हा द्यावी लागते. 'न वापरल्यास ॲप थांबवा' अशा अर्थाचं बटण त्याच पानावर असतं, ते या एका ॲपसाठी बंद करून ठेवलेलं बरं.

12 एमबीचा उल्लेखही असाच मुद्दाम आहे. प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट होणं बहुतेक फोनांत फक्त वायफायवर चालू असतं. पुण्या-मुंबईत घरोघरी वायफाय आहे, म्हणून तिथल्या माणसाला अपडेट कधी झाला ते कळतही नाही. एटापल्ली किंवा भामरागडकडे मोबाइल डेटावरच सगळं चालतं, तोही टॉवरच्या मर्जीने. तिथे अपडेट आपोआप होणारच नाही, माणसाने स्वतः बटण दाबावं लागेल. आणि दाबायच्या आधी डेटा किती जाईल हे त्याला माहीत असलेलं चांगलं.

इथे एक घोळ नेहमी होतो. बनवणारे लोक अपडेट एकदम सगळ्यांना न सोडता आधी थोड्या टक्के फोनांना सोडतात, बिघाड दिसला तर थांबवता यावा म्हणून. पद्धत चांगली आहे. पण ग्रुपवरचा मजकूर त्याच दिवशी गेला तर दहापैकी आठ जण स्टोअरमध्ये जातात आणि त्यांना 'अपडेट करा' ऐवजी 'उघडा' एवढंच दिसतं. मग ग्रुपवर सुरू होतं, "आमच्याकडे तर आलंच नाही, भाईजान." दुसऱ्यांदा तोच मजकूर टाकला तर कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून अपडेट शंभर टक्के फोनांना सुटल्यावर, आणि एखाद्या साध्या जुन्या फोनवर स्वतः तपासून मगच मजकूर टाकावा.

फाइलबद्दलची ओळ का, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. वाहनाच्या चलानच्या, सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, ती टाकली की फोनमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात आणि बँक खातं रिकामं होतं. 'नवा अपडेट, लगेच घ्या, खालील लिंक दाबा' ही भाषा नेमकी त्या ठगांची आहे. आपला खरा मजकूर तसा दिसू नये. घाई, उद्गारचिन्हं आणि अनोळखी लिंक टाळावी. स्टोअरमध्ये ॲपचं नाव शोधा, एवढं सांगितलं की पुरतं.

आता नेटवर्कच्या ओळीबद्दल. बनवणाऱ्याला ती नको वाटते, आपल्याच मालाचं उणं का सांगायचं म्हणून. पण या भागात ती वगळणं धोक्याचं आहे. तेंदूपानं तोडायला गेलेल्या माणसाच्या खिशात ॲप आहे, इशारा आला नाही, म्हणजे वीज नाही असं तो समजला तर ॲप नसलेलं बरं होतं. दुसरं गाव जोडण्याची सोयही इथे अर्धीच कामाची आहे. चंद्रपुरातल्या मुलाला सिरोंच्याचा इशारा आला तरी रानात गेलेल्या अब्बांचा फोन लागेलच असं नाही. गावात घरी असलेल्या कुणाला तरी फोन लागला तर उपयोग. विजेचा गडगडाट साधारण 15 किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, म्हणजे आवाज कानावर आला तेव्हा आपण तिच्या टप्प्यात आलेलो असतो. झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही. हे नेटवर्कशिवाय चालतं.

दोनच गोष्टी ठेवण्याचा आणखी एक फायदा या दोन जिल्ह्यांत जास्त जाणवतो. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागडकडे माडिया, इतर ठिकाणी गोंडी बोलणारी माणसं आहेत, आणि अनेकांना मराठी वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. दहा मुद्द्यांची यादी आवाजात सांगायला गेलं तर तीन मिनिटं लागतात आणि ऐकणारा दुसऱ्या मुद्द्यालाच सोडून देतो. वरचा मजकूर चाळीस सेकंदांत बोलून होतो. गावातल्याच कुणाकडून त्यांच्या बोलीत तो रेकॉर्ड करून घ्यावा, आणि हंगामाच्या तोंडावर, शक्यतो मार्च अखेरीला, संध्याकाळी माणसं घरी परतल्यावर ग्रुपवर टाकावा.