जिवाणू खत : काय देते, काय देत नाही

गव्हाच्या बियाण्याला अझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) चोळले की रासायनिक खत एक चतुर्थांश कमी टाकता येते, हे विधान पाकिटांवर आणि प्रचारपत्रकांत इतक्या वेळा छापले गेले आहे की त्याचा हिशेब कोणी मागत नाही. मृदाजीवशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला तो मांडावासा वाटतो. कारण हिशेब चुकला तर तूट शेतकऱ्याच्या पोत्यात दिसते.

बागायती गव्हाचे एक हेक्टर घेऊ. उत्पादन ४० क्विंटल आणि दाण्यात प्रथिने १२ टक्के धरली, तर ४८० किलो प्रथिने शेताबाहेर जातात. त्यांत सुमारे ८४ किलो नत्र असतो. काडातला वेगळा. शिफारस १२० किलो नत्राची आहे. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ३० किलो, अर्थात सुमारे ६५ किलो युरिया. एवढे काम जिवाणूंनी करावे अशी आपली अपेक्षा असते.

हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम हे काम खरोखर करतो. तिथे झाड त्याला घरात बसवून साखर पुरवते आणि तो नत्र थेट झाडाच्या हाती देतो. अझोस्पिरिलमला असे घर नाही. तो मुळाभोवती राहतो, मुळातून पाझरणाऱ्या अन्नावर इतर असंख्य जिवाणूंशी स्पर्धा करतो आणि हवेतून बांधलेला नत्र बराचसा स्वतःच्याच पेशीत ठेवतो. तो जिवाणू मेल्यावर, कुजल्यावर त्यातला थोडा भाग पिकाला मिळतो.

ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्या कामामुळे १९७०च्या दशकात या जिवाणूकडे जगाचे लक्ष गेले, ते नत्रासाठीच. पुढे प्रयोगशाळेत नत्र बांधण्याची शक्ती हरवलेले वाण वापरून पाहिले, तर त्यांनीही रोपांची वाढ सुधारली. म्हणजे बराचसा परिणाम दुसऱ्याच कारणाने होत होता. हा जिवाणू ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक सोडतो. त्यामुळे बारीक मुळे आणि मूलरोम वाढतात आणि पीक जमिनीतले पाणी व खत अधिक वेचते. १९९४ साली ओकॉन आणि लाबांदेरा-गोन्झालेझ यांनी वीस वर्षांच्या शेतप्रयोगांचा आढावा घेतला. सुमारे ६० ते ७० टक्के प्रयोगांत फायदा दिसला आणि त्यांत उत्पादनवाढ ५ ते ३० टक्के होती. फायदा खरा आहे, पण तो वेचण्याचा आहे. वेचायला जमिनीत काही असावे लागते.

स्फुरदाचा मामला तर आणखी सरळ आहे. नत्र निदान हवेत असतो. स्फुरद हवेतून येत नाही. पीएसबी आम्ले सोडून जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात, नवा कणही आणत नाहीत. पूर्वी टाकलेल्या खतांचा साठा असेल तर त्यांचा उपयोग होऊ शकतो, पण तो साठ्यातलाच खर्च असतो. शिवाय प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वसाहतीभोवती दिसणारे स्वच्छ वलय चुनखडीच्या काळ्या रानात मिळेलच असे नाही. तिथला चुना ते आम्ल मारून टाकतो.

मग ‘खत पाऊण केले, जिवाणू लावले, उत्पादन तेवढेच आले’ असे सांगणारे शेतकरी खोटे बोलतात का? मुळीच नाही. पण आधीच भरपूर खत खाल्लेल्या जमिनीत पाऊण नत्रावरही, जिवाणू न लावता, उत्पादन फारसे घटत नाही. शेवटच्या पोत्याचा फायदा सर्वांत कमी असतो. बहुतेक प्रात्यक्षिकांत नेमका हाच पट्टा नसतो : पाऊण खत, जिवाणू नाहीत. तो नसेल तर श्रेय कोणाचे हे कळत नाही.

म्हणून एकाच रानात चार पट्टे पेरावेत. पूर्ण नत्र, पूर्ण नत्र आणि जिवाणू, पाऊण नत्र, पाऊण नत्र आणि जिवाणू. प्रत्येक पट्टा निदान तीन ठिकाणी पुन्हा घ्यावा आणि मळणी वेगवेगळी तोलावी. जिवाणू नसलेल्या पट्ट्यांच्या बियाण्याला त्याच पाकिटातली, पण प्रेशर कुकरमध्ये तासभर वाफवून गार केलेली भुकटी चोळली तर तुलना अधिक चोख होते. तिसरा आणि चौथा पट्टा सारखेच भरले, तर पैसे युरिया कमी केल्याने वाचले, पाकिटाने नाही.

पाकीट जिवंत असणेही गरजेचे. भुकटीच्या खतात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात असा आपला नियम आहे. किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम चोळले, तर गव्हाच्या एका दाण्याच्या वाट्याला साधारण ५० हजार पेशी येतात. दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेल्या पाकिटात तेवढ्या उरत नाहीत. बुरशीनाशक आधी लावून वाळवावे, जिवाणू शेवटी, आणि बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. युरिया किंवा डीएपीत ते मिसळू नये.

माझा निष्कर्ष एवढाच. तृणधान्यात जिवाणू खत वाया जाणाऱ्या खताचा काही भाग कामी आणू शकते. दाण्याबरोबर दरवर्षी शेताबाहेर गेलेले ८४ किलो ते परत आणत नाही. ते शेणखत, द्विदल पिकाचा फेरपालट किंवा पोते यांनीच भरावे लागतात.